गोल पृथ्वी, सपाट कागद आणि अल-बिरुनी

शाळेतल्या भूगोलाच्या वहीत असतो तसा जगाचा साधा नकाशा भिंतीवर लावला आणि पट्टी घेऊन नागपूरपासून मक्केपर्यंत रेषा ओढली, तर ती जवळजवळ आडवी निघते. कारण उघड आहे. नागपूर २१ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का २१ अंश २५ मिनिटांवर. दोन्ही शहरं जणू एकाच ओळीत बसली आहेत. म्हणजे नागपूरकराचा किब्ला थेट पश्चिमेला, असं कुणीही म्हणेल. पण पृथ्वीचा गोल हातात घेऊन या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की दोरा वेगळंच सांगतो. तो नागपूरहून निघतानाच पश्चिम सोडून जवळजवळ आठ अंश उत्तरेकडे कलतो, समुद्रावरून कमान घेत जातो आणि मग खाली वळत मक्केला टेकतो.

खोटं कोण बोलतं, नकाशा की दोरा? हजार वर्षांपूर्वी या प्रश्नाचा पिच्छा आयुष्यभर पुरवणारा एक माणूस होऊन गेला. अबू रेहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी हे त्यांचं नाव. भारतात ते ओळखले जातात ते भारतावरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथामुळे. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची, आणि उतरवताना नेमकं काय हातचं जातं, याचा जो विचार त्यांनी केला, त्याची ओळख मराठी वाचकाला फारशी नाही.

अल-बिरुनी यांचा जन्म ९७३ साली ख्वारिझमच्या काथ या राजधानीच्या परिसरात झाला. आजच्या उझबेकिस्तानात, आमू दर्या नदीच्या खोऱ्यात हे ठिकाण येतं. फारसीत बाहेरच्या भागाला ‘बिरून’ म्हणतात. गावाबाहेरचा तो बिरुनी. घराण्याचा गाजावाजा काही नव्हता. पण ख्वारिझमच्या राजघराण्यातले अबू नस्र मन्सूर हे गणिती त्यांना गुरू म्हणून लाभले. गोलावरच्या त्रिकोणांचं गणित त्या काळी अगदी ताजं होतं आणि अबू नस्र त्यातले अव्वल जाणकार होते. शिष्याला मिळालेली ती खरी शिदोरी.

सतरा वर्षांचे असताना, ९९० साली, अल-बिरुनी यांनी एका कड्याच्या साहाय्याने दुपारच्या सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. त्या कड्यावर अर्ध्या अंशापर्यंतच्या खुणा होत्या. पुढे त्यांनी दहा हात व्यासाचा, म्हणजे सुमारे पंधरा फुटांचा, एक अर्धगोल तयार केला. गावागावांमधली अंतरं गोळा करायची, ती या अर्धगोलावर मांडायची आणि त्यावरून ठिकाणांचे अक्षांश-रेखांश वाचायचे, असा त्यांचा बेत होता. गोलावर मांडलं की आकडेमोडीचा मोठा भाग वाचतो. शिवाय गोल लबाडी करत नाही. त्यावरचं अंतर हे अंतरच असतं आणि दिशा ही दिशाच.

पण गोलाची अडचणही तितकीच खरी आहे. पंधरा फुटांचा अर्धगोल उंटाच्या पाठीवर लादता येत नाही आणि ग्रंथाच्या पानांत मिटता येत नाही. ९९५ साली ख्वारिझममध्ये सत्तापालट झाला, गुरूंचं घराणं गादीवरून गेलं आणि बावीस वर्षांच्या अल-बिरुनी यांना जीव घेऊन पळावं लागलं. अर्धगोल मागे राहिला आणि त्याबरोबर मोजमापंही. कागदावरच्या नकाशाची गरज प्रवाशाला असते, व्यापाऱ्याला असते, आणि रातोरात गाव सोडावं लागलेल्या अभ्यासकालाही असते.

याच तरुण वयात त्यांनी गोलावरच्या आकृती सपाट करण्यावर एक छोटा अरबी ग्रंथ लिहिला. आकाशातले तारे आणि जमिनीवरची शहरं, दोन्ही कागदावर कशी आणायची, हा त्याचा विषय. आजच्या भाषेत आपण त्याला नकाशा-प्रक्षेपण म्हणतो. आधीच्या विद्वानांनी काढलेल्या रीती त्यांनी त्यात एकेक करून तपासल्या आणि शेवटी स्वतःचीही रीत मांडली.

त्या रीती समजून घेण्याआधी मूळ अडचण पाहू. संत्र्याची साल सोलून टेबलावर दाबली, तर ती कडेला फाटते. फाटू द्यायची नसेल, तर कुठेतरी ताणावी लागते. साल किती पातळ आहे किंवा हात किती कुशल आहे, याचा इथे संबंध नाही. अडचण आकारातच आहे आणि ती एका साध्या त्रिकोणातून दिसते.

समजा, उत्तर ध्रुवावरून एक माणूस निघाला आणि सरळ दक्षिणेला विषुववृत्तापर्यंत आला. हे अंतर सुमारे दहा हजार किलोमीटर आहे. तिथे तो काटकोनात वळला आणि विषुववृत्तावरून पृथ्वीचा पाव फेरा चालला. तेही दहा हजार किलोमीटर. पुन्हा काटकोनात वळला आणि सरळ ध्रुवावर परतला. तीन बाजू सारख्या, आणि ध्रुवावरचा कोन धरून तिन्ही कोन काटकोन! कोनांची बेरीज २७० अंश. आता हा त्रिकोण कागदावर काढा. तीन बाजू सारख्या ठेवल्या तर कोन साठ-साठ अंशांचेच होणार, कारण कागदावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपलीकडे जात नाही. कोन काटकोन ठेवायला गेलात, तर त्रिकोण मिटतच नाही. अंतरं सांभाळली की कोन गेले, कोन सांभाळले की अंतरं गेली. कितीही हुशार नकाशाकार आला तरी या पेचातून त्याची सुटका नाही. याची पक्की गणिती सिद्धता अठराव्या शतकात ऑयलर यांनी आणि १८२७ साली गाउस यांनी दिली. पण गोल आणि कागद दोन्ही हाताळलेल्या अल-बिरुनींसमोर ही अडचण रोजच उभी होती.

म्हणून त्यांच्यापुढचा प्रश्न असा नव्हता की निर्दोष नकाशा कोणता. प्रश्न असा होता की कोणत्या कामासाठी कोणता दोष चालेल.

त्यांच्या काळी सर्वांत प्रतिष्ठेची रीत होती ती अस्तुरलाबची. अस्तुरलाब म्हणजे पितळेचं खगोलयंत्र. वेळ आणि ताऱ्यांची जागा काढण्यासाठी ते वापरत. त्याच्या चकतीवर आकाशाचा गोल असा उतरवतात, की जणू एका ध्रुवावर दिवा ठेवला आहे आणि गोलावरच्या रेषांच्या सावल्या समोरच्या कागदावर पडल्या आहेत. या रीतीचा मोठा गुण असा की गोलावरचं वर्तुळ कागदावरही वर्तुळच राहतं (दिव्यातून जाणारं तेवढं सरळ रेषा होतं), आणि दोन रेषांमधला कोनही बदलत नाही. कारागिराला कंपास आणि पट्टी पुरते. पण किंमत मोजावी लागते ती आकारमानात. अर्धा गोल असा उतरवला, तर मध्यावरच्या एखाद्या मुलखाच्या मानाने अगदी कडेचा तेवढाच मुलूख लांबीत दुप्पट आणि रुंदीत दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळात चौपट दिसतो. ताऱ्यांच्या यंत्राला हे चालतं, कारण तिथे कोण मोठं, कोण छोटं याला महत्त्व नसतं. देशांच्या नकाशाला मात्र ते जाचतं.

दुसरी रीत याच्या उलट. दिवा अनंत दूर नेला आणि किरणं समांतर पडू दिली, तर दुरून चंद्र दिसतो तसा गोल दिसतो. मध्यभाग नैसर्गिक वाटतो, पण कडेकडे जाताना सगळं चेपत जातं आणि शेवटी शहरं एकमेकांवर चढतात. ही समांतर किरणांची रीत आपल्याआधी कुणी मांडल्याचं अल-बिरुनी यांना ठाऊक नव्हतं. ती त्यांनी आपल्या कालगणनेवरच्या ग्रंथात, सुमारे १००० साली, नोंदवून ठेवली. तिचा दोषही लपणारा नव्हता.

तिसरी रीत केंद्रापासूनची अंतरं खरी ठेवण्याची. मध्यबिंदूपासून प्रत्येक ठिकाण जितकं दूर आहे तितकंच कागदावर दूर मांडायचं, आणि दिशाही मध्यातून खरी धरायची. मध्यात उभ्या असलेल्या माणसासाठी हा नकाशा प्रामाणिक आहे. पण मध्य सोडून इतर दोन ठिकाणांमधलं अंतर त्यावर मोजू नये. तिथे तो फसवतो.

मग त्यांनी स्वतःची रीत काय दिली? ती इतकी सोपी आहे की शाळकरी मुलाला घरी बसून काढता येईल. एक मोठं वर्तुळ काढा. हा पृथ्वीचा अर्धा भाग. त्यात एक उभा आणि एक आडवा व्यास काढा. उभा व्यास म्हणजे मधलं रेखावृत्त, आडवा म्हणजे विषुववृत्त. आता प्रत्येक त्रिज्येचे नऊ सारखे भाग करा आणि परिघाच्या प्रत्येक पाव भागाचेही नऊ सारखे भाग करा. प्रत्येक भाग दहा अंशांचा. वरचा ध्रुव, खालचा ध्रुव आणि विषुववृत्तावरची एक खूण, अशा तीन बिंदूंतून कंपासने कमान काढली की एक रेखावृत्त तयार होतं. परिघावरच्या डाव्या-उजव्या खुणा आणि उभ्या व्यासावरची त्यांच्या जोडीची खूण, या तिघांतून कमान काढली की एक अक्षवृत्त मिळतं. सगळ्या कमानी पूर्ण झाल्या की डोळ्याला अगदी गोल वाटेल अशी जाळी उभी राहते. अस्तुरलाबच्या रीतीसारख्या कडा फुगत नाहीत आणि समांतर किरणांच्या रीतीसारख्या चेपतही नाहीत.

युरोपात हीच रीत १६६० साली इटलीच्या निकोलोसी यांनी नव्याने काढली आणि पुढे एकोणिसाव्या शतकातल्या अ‍ॅटलासांत पूर्व व पश्चिम गोलार्धाचे जोडनकाशे बहुधा तिच्यावरच छापले जात.

पण तीही काही फुकट मिळत नाही. तिचा दोष कुठे लपला आहे, ते एका नजरेत पाहता येतं. खऱ्या गोलावर अर्धं विषुववृत्त आणि कडेचं रेखावृत्त यांची लांबी सारखीच असते. दोन्ही अर्धे फेरे. या नकाशावर मात्र अर्धं विषुववृत्त झालं आहे सरळ व्यास आणि कडेचं रेखावृत्त झालं आहे अर्धा परीघ. अर्धा परीघ व्यासाच्या १.५७ पट असतो. म्हणजे कडेला उत्तर-दक्षिण अंतर दीडपटीहून जास्त ताणलं गेलं. शिवाय ही रीत ना कोन पूर्ण राखते, ना क्षेत्रफळ, ना अंतर. ती सगळ्यांत थोडी थोडी तडजोड करते, जेणेकरून कुठलाच दोष डोळ्यांत भरू नये. भिंतीवर टांगायच्या नकाशाला ही तडजोड शोभते. मोजमापाला नाही.

आणि अल-बिरुनी यांना मोजमापच करायचं होतं.

मधल्या काळात त्यांची भटकंती चालूच होती. ९९७ साली ते पुन्हा काथला होते. त्या वर्षीच्या २४ मेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी त्यांनी काथहून आणि अबुल-वफा या ज्येष्ठ गणितींनी बगदादहून, आधी ठरवून, एकाच ग्रहणाची वेळ टिपली. चंद्राला ग्रहण लागतं ते सगळीकडे एकाच क्षणी. पण त्या क्षणी प्रत्येक गावातली स्थानिक वेळ वेगळी असते. दोन्ही नोंदींत सुमारे एक तासाचा फरक आला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दोन शहरांच्या रेखांशांत साधारण तेवढा फरक. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून एकट्याने काढता येतो. रेखांशाला मात्र दूरचा एक विश्वासू जोडीदार लागतो.

१०१७ साली सुलतान महमूद गझनवी याने ख्वारिझम जिंकलं. अल-बिरुनी आणि त्यांचे वृद्ध गुरू अबू नस्र, दोघांनाही गझनीला नेण्यात आलं. पुढच्या वर्षी, १०१८ च्या ऑक्टोबरात, ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. मन खचलेलं आणि हाती एकही यंत्र नाही. तेव्हा आकडेमोडीची पाटी उलटी करून तिच्या पाठीवर त्यांनी अंशांची कमान आखली, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजून त्या जागेचा अक्षांश काढला. पुढे पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते त्यांनी मोजलं आणि डोंगराच्या उंचीवरून पृथ्वीची त्रिज्या काढली.

याच वर्षांत त्यांनी जो ग्रंथ हाती घेतला आणि १०२५ साली पुरा केला, तो ठिकाणांच्या सीमा आणि शहरांमधली अंतरं नेमकी ठरवण्यावर आहे. पानोपानी गणित आहे, पण सगळ्या गणिताचा रोख एका प्रश्नावर आहे. गझनीत उभं राहिलेल्या माणसाने नमाजसाठी नेमकं कुठे तोंड करायचं?

दूरच्या माणसाने काबाच्या साधारण दिशेला तोंड केलं तरी पुरे, असंच फिकहच्या बहुतेक जाणकारांचं म्हणणं राहिलं आहे. तेव्हा दोन-चार अंशांनी नमाज अडत नव्हती. लोक वाऱ्यांवरून, ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून किंवा जुन्या मशिदीच्या मिहराबावरून दिशा ठरवत. अल-बिरुनी यांना मात्र साधारण उत्तर नको होतं. दिशा नेमकी काढता येते, तर ती काढलीच पाहिजे, असा त्यांचा बाणा होता.

आधी गझनीचा रेखांश हवा. ग्रहणासाठी जोडीदार नव्हता, म्हणून त्यांनी रस्ते धरले. बगदादपासून गझनीपर्यंत मधल्या शहरांची साखळी घेतली: रय, ख्वारिझम, बल्ख या बाजूने एक आणि दक्षिणेकडून शिराझ, सिजिस्तान या बाजूने दुसरी. काफिल्यांनी सांगितलेली अंतरं फरसखांत होती. पण रस्ता कधी सरळ नसतो. म्हणून वळणांपोटी साधारण सहावा हिस्सा वजा केला. दोन शहरांचे अक्षांश आणि त्यांमधलं सरळ अंतर हाती असलं, की गोलावरच्या गणिताने रेखांशांतला फरक निघतो. अशा दुव्यामागून दुवा जोडत त्यांनी बगदाद आणि गझनी यांच्या रेखांशांतला फरक २४ अंश २० मिनिटे ठरवला. आजच्या मोजणीने तो २४ अंशांच्या आसपास येतो. उंटांच्या पावलांवर उभ्या राहिलेल्या हिशोबात चूक निघाली ती अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.

आता किब्ला. त्यांच्या आकड्यांनी गझनी ३३ अंश ३५ मिनिटे अक्षांशावर, मक्का २१ अंश ४० मिनिटांवर, आणि दोघांच्या रेखांशांत २७ अंश २० मिनिटांचा फरक. म्हणजे मक्का जवळजवळ १२ अंश दक्षिणेला आणि २७ अंश पश्चिमेला. हे आकडे चौकटीच्या कागदावर घेऊन, एक अंश म्हणजे एक घर, असं मोजलं आणि पट्टी ठेवली, तर रेषा पश्चिमेपासून सुमारे साडेतेवीस अंश दक्षिणेकडे झुकते. सोपं आणि सुटसुटीत, पण चूक. कारण चौकटीच्या कागदावर रेखांशाचं प्रत्येक घर सारखंच रुंद असतं. पृथ्वीवर मात्र ध्रुवांकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात. गझनीच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या अंशाच्या सुमारे ८३ टक्केच भरतो.

मग घराची रुंदी कमी करून घ्यावी, म्हणजे झालं? तीही युक्ती पुरत नाही. रुंदी कमी केली की रेषा आणखी दक्षिणेला झुकते. आणि खरं उत्तर तर उलट्या बाजूला आहे. गोलावरची सर्वांत सरळ वाट म्हणजे ताणलेल्या दोऱ्याची वाट. पृथ्वीच्या मध्यातून कापलेल्या मोठ्या वर्तुळाचा तो तुकडा असतो. कागदावरच्या सरळ रेषेशी तिचं नातं जुळत नाही, कारण त्या वाटेवर चालताना होकायंत्राची दिशा पावलागणिक बदलत जाते. अल-बिरुनी यांनी गोलावरच्या त्रिकोणाचं गणित मांडलं, एकदा नव्हे तर वेगवेगळ्या मार्गांनी, आणि उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली. किब्ला निघाला पश्चिमेपासून सुमारे १९ अंश दक्षिणेला.

साडेतेवीस की एकोणीस? फरक चार-साडेचार अंशांचा. मिहराबात उभं राहिल्यावर तो जाणवणारही नाही. पण तीन हजार किलोमीटरच्या वाटेवर तोच फरक मक्केला दोनशे किलोमीटरहून जास्त चुकवतो. आजचे अक्षांश-रेखांश घेतले तर गझनीचा किब्ला पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला येतो. म्हणजे अल-बिरुनींची चूक एका अंशाच्या आसपास आणि तीही रीतीची नव्हे. मक्केचा रेखांश त्यांना मिळाला तोच थोडा चुकीचा होता.

नागपूरच्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. एकाच अक्षवृत्तावरून चालत जाणं म्हणजे सरळ जाणं नव्हे. ध्रुवाच्या दोन बाजूंना, प्रत्येकी दहा पावलांवर दोन माणसं उभी आहेत असं समजा. दोघं एकाच अक्षवृत्तावर आहेत. भेटायचं असेल तर ती ध्रुवावरून सरळ येतील. गोल फेरा घालत बसणार नाहीत. नागपूर आणि मक्का यांच्यातही तेच, फक्त कमी प्रमाणात. आणि नकाशा जितका लांबचा, तितकी फसगत मोठी. न्यूयॉर्कहून मक्का दक्षिणेला आहे, म्हणून सपाट नकाशा आग्नेय दिशा दाखवतो; ताणलेला दोरा मात्र ईशान्येकडे निघतो.

शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं टांगलेला जगाचा नकाशा बहुधा मर्केटर यांच्या १५६९ सालच्या रीतीचा असतो. खलाशाने होकायंत्राचा एक कोन धरून जहाज हाकलं, तर ती वाट या नकाशावर सरळ रेषा येते. समुद्रावर याहून मोठी सोय नव्हती. पण त्यासाठी ध्रुवांकडचा भाग फुगवावा लागला. ६० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट दिसतं. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, जेव्हा आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. याच नकाशावर गझनीहून मक्केला पट्टी ठेवली, तर पश्चिमेपासून २६ अंश दक्षिणेला रेषा येते, म्हणजे चौकटीच्या कागदापेक्षाही जास्त चुकीची. नकाशा वाईट नाही. तो दुसऱ्या कामासाठी केलेला आहे. काम बदललं आणि नकाशा तोच ठेवला, की दिशा बिघडते.

एक दोष पत्करून दुसरी गोष्ट पूर्ण खरी ठेवायची, याचा सुंदर नमुना सतराव्या शतकात इराणच्या इस्फहानमध्ये घडवलेल्या पितळी चकत्यांवर दिसतो. चकतीच्या मध्यात मक्का. सभोवती अक्षांश-रेखांशांची विचित्र वाटावी अशी जाळी आणि तीवर शहरांची नावं. मध्यात फिरती पट्टी. पट्टी आपल्या शहरावर आणली की कडेवर किब्ल्याचा कोन वाचता येतो आणि पट्टीवरच मक्केचं अंतरही. ना किनारे, ना नद्या, ना देशांच्या सीमा. ते काढले असते तर ओळखू आले नसते. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या म्हणून बाकी सगळं सोडून दिलं. त्यामागचं गणित किती जुनं, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. पण त्याची मुळं अल-बिरुनी यांच्या काळाकडे जातात, असं मानणारे जाणकार आहेत.

अल-बिरुनी पंजाबात राहिले, संस्कृत शिकले आणि १०३० च्या सुमारास भारतावरचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या वाटांच्या वर्णनात धारहून दक्षिणेला जाताना मऱ्हाट देश येतो आणि पुढे समुद्रकाठचं कोकण व त्याची राजधानी ठाणेही येते, फरसखांतल्या अंतरांसह. ही अंतरं त्यांनी वाटसरूंकडून ऐकून लिहिली. त्याच सुमारास सुलतान मसऊदला अर्पण केलेल्या खगोलशास्त्राच्या महाग्रंथात त्यांनी सहाशेहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश एका तक्त्यात दिले. तक्त्यात कागदाचा दोष नसतो. आकडे वाकत नाहीत, ताणले जात नाहीत. ज्याला जसा नकाशा हवा, तसा त्याने त्यांवरून काढावा.

अखेरच्या वर्षांत त्यांची नजर आणि कान दोन्ही थकले होते. तरी एका सहकाऱ्याच्या मदतीने औषधींवरच्या ग्रंथाचं काम चालूच होतं. १०४८ च्या सुमारास किंवा त्यानंतर लवकरच गझनीत त्यांचं निधन झालं. ज्या शहरात त्यांना बळाने आणलं गेलं, त्याच शहराचा किब्ला त्यांनी इतक्या नेटाने शोधला होता.

भिंतीवरच्या नकाशावर मक्केकडे पट्टी ठेवण्याआधी तो नकाशा कशासाठी काढलाय, एवढं पाहून घ्यावं. शंका आलीच, तर घरातल्या मुलाचा पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरेसा आहे.